कॅनवरचा आकडा आणि बादलीतला आकडा

सुरतेच्या पूर्वेला लिंबायत, डिंडोली, गोडादरा या एकमेकींना लागून वाढलेल्या वस्त्यांमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पावसाळ्यात खाडीचे पाणी चढले, की या भागातल्या तळमजल्यांत आणि जमिनीखालच्या टाक्यांत घाण पाणी शिरण्याची भीती असते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला, तेव्हा तर शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर जी वस्तू सर्वांत आधी शोधली जाते ती म्हणजे ‘हायपो’, अर्थात सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, किंवा ब्लीचिंग पावडर. दुकानातून पाच लिटरचा कॅन येतो आणि त्याच्यासोबत तोंडी कृती येते: एक मग हायपो, दहा मग पाणी. पुढील पानांत मिश्रणाच्या तीव्रतेची जी गणिते दिली आहेत, ती सगळी या एका कृतीतल्या उणिवेतून निघाली आहेत. कॅनमधले द्रावण किती टक्क्यांचे आहे हे सांगितल्याशिवाय ‘एकास दहा’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. प्रमाण हे दोन ढिगांमधले नाते असते, आणि त्यातल्या एका ढिगात नेमके काय आहे हेच माहीत नसेल, तर ते नाते कितीही काटेकोर पाळले तरी हाती काय आले ते कळत नाही. म्हणून पातळ करण्याचा हिशेब मगांत न करता ग्रॅममध्ये करावा, म्हणजे जो पदार्थ खरे काम करतो त्याच्या वजनात करावा, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

हे म्हणणे ज्या गोष्टीवर उभे आहे ती साधी आहे. कॅनवर १० टक्के लिहिले असेल, तर त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की त्यातल्या १०० मिलिलिटर द्रावणात १० ग्रॅम उपलब्ध क्लोरीन आहे. त्यातले २५० मिलिलिटर मोजून बादलीत घेतले, तर बादलीत २५ ग्रॅम क्लोरीन आले. आता त्यात पाणी घालून एकूण ५ लिटर केले. पाण्याने क्लोरीन वाढवले नाही आणि कमीही केले नाही. बादलीत अजून २५ ग्रॅमच आहेत. फक्त ते आता ५,००० मिलिलिटरमध्ये पसरले आहेत, म्हणजे दर १०० मिलिलिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे ०.५ टक्के. पातळ करण्याच्या सगळ्या गणितांत अंश जागेवर राहतो आणि छेद वाढतो. उलट बाजूने निघायचे तर आधी ठरवायचे, की आपल्याला ०.५ टक्क्यांचे ५ लिटर हवे आहे. त्यासाठी २५ ग्रॅम लागतात. मग हे २५ ग्रॅम आपल्या कॅनच्या किती मिलिलिटरमध्ये आहेत एवढेच विचारायचे. कॅन बदलला, तरी २५ हा आकडा बदलत नाही. पाठ करायचा तर तो करावा, मगांची संख्या पाठ करू नये.

तेच काम तीन वेगळ्या मालांनी करून पाहिले, म्हणजे फरक दिसतो. केमिकलच्या दुकानातला १० टक्क्यांचा कॅन असेल, तर २५० मिलिलिटर हायपो आणि पाण्यासह एकूण ५ लिटर. किराणा दुकानात मिळणारे घरगुती ब्लीच साधारण ४ टक्क्यांचे असेल, तर त्याच २५ ग्रॅमसाठी ६२५ मिलिलिटर घ्यावे लागते. ब्लीचिंग पावडरच्या पिशवीवर ३३ टक्के लिहिले असेल, तर २५ भागिले ०.३३, म्हणजे सुमारे ७६ ग्रॅम पावडर. ती थोड्या पाण्यात कालवून मग पाच लिटरपर्यंत न्यायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी वापरायचे. तिन्ही बादल्यांतले पाणी सारख्याच तीव्रतेचे होते. ‘एक मग, दहा मग’ ही कृती मात्र या तीन मालांना लावली, तर पहिल्यात सुमारे ०.९ टक्का, दुसऱ्यात सुमारे ०.३६ टक्का आणि पावडर मगाने मोजली तर काहीही. ज्या कुटुंबाने गेल्या वर्षी केमिकलच्या दुकानातला कॅन वापरला आणि यंदा किराणा दुकानातली बाटली आणली, त्यांनी कृती तंतोतंत पाळूनही तीव्रता अर्ध्याहून खाली आणली, आणि त्यांना ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

यावर पहिला आक्षेप अनुभवाच्या बाजूने येतो आणि तो हलका समजू नये. जी बाई वीस वर्षे जिने आणि संडास धुते, तिचा हात मोजमापाशिवाय बरोबर बसलेला असतो. तिला ग्रॅम शिकवणारे आपण कोण? हात बसतो हे खरे आहे. पण तो कशावर बसतो, हे पाहायला हवे. हाताचा अंदाज परिणाम पाहून सुधारत जातो. भाजीत मीठ जास्त झाले तर जिभेला लगेच कळते, म्हणून मिठाचा अंदाज पक्का होतो. जंतू मेले की नाही हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. उरतो तो वास, आणि हायपोचा वास ही फसवी खूण आहे. नाक त्या वासाला थोड्याच वेळात सरावते आणि मग वास येईनासा होतो. उलट ज्या पाण्यात घाम, मूत्र यांच्यापासून आलेले अमोनियासारखे पदार्थ असतात, तिथे क्लोरीन त्यांच्याशी जोडला जाऊन क्लोरामिन तयार होतात आणि वास अधिकच उग्र येतो, जरी तिथला मोकळा क्लोरीन खर्चून गेलेला असला तरी. म्हणजे वास वाढला म्हणून तीव्रता वाढली असे नाही. ज्या कामात चूक दिसतच नाही, त्या कामात वीस वर्षांचा अनुभवही त्या चुकीला दुरुस्त करू शकत नाही. त्या बाईचे कौशल्य पुसण्यात, कोपऱ्यातली घाण काढण्यात, क्रम लावण्यात आहे आणि ते खरे कौशल्य आहे. मापाचे ओझे तिच्या नाकावर टाकणे हा तिच्यावरचाच अन्याय आहे. एक खुणेची बाटली आणि भिंतीवर लिहिलेला मिलिलिटरचा आकडा तिला दिला, तर काम तेवढ्याच वेळात होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि सुरतेच्या हवेत तो फार खरा ठरतो. कॅनवरचा आकडा हाच जर खोटा असेल, तर त्यावर उभे केलेले गणित काय कामाचे? हायपोक्लोराइट हे अस्थिर रसायन आहे. ते आपोआप मोडत जाते. त्यातून मुख्यतः क्लोराइड आणि क्लोरेट बनतात आणि थोडा ऑक्सिजन सुटतो, म्हणून कॅन फुगू नये यासाठी त्याच्या झाकणाला हवा जायला जागा ठेवलेली असते. तापमान दहा अंशांनी वाढले, की हे मोडणे सुमारे तीन ते साडेतीन पट वेगाने होते. ऊन लागले तर आणखी वेगाने, आणि लोखंड, तांबे, निकेल यांचे कण पडले तर त्याहून. पत्र्याच्या छपराखाली, उन्हाळ्यातल्या दुपारी, पांढऱ्या अर्धपारदर्शक कॅनमध्ये ठेवलेला माल काही आठवड्यांत आपली ताकद मोठ्या प्रमाणात गमावतो. त्यातही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: द्रावण जितके तीव्र, तितके ते लवकर मोडते. तीव्रता दुप्पट असली, तर मोडण्याचा वेग सुमारे चौपट-पाचपट होतो. म्हणून पाणीपुरवठा करणाऱ्या ठिकाणी काही जण तीव्र हायपो आल्याबरोबर स्वच्छ पाण्याने निम्मे पातळ करून ठेवतात. त्याला जागा जास्त लागते, पण माल टिकतो. ब्लीचिंग पावडरचे दुखणे वेगळे. ती ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि तिच्यातला क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात तोंड उघडे राहिलेल्या पिशवीतली पावडर गोळे धरते आणि ओलसर दिसते, तेव्हा तिच्या वेष्टनावरचे ३३ टक्के विसरावेत.

समजा गोडादऱ्यातल्या एका सोसायटीत मार्चमध्ये आणलेला १० टक्क्यांचा कॅन जूनअखेरीस उघडला आणि तोवर तो ६ टक्क्यांवर आला होता. जुन्या आकड्यावर विसंबून २५० मिलिलिटर घेतले, तर बादलीत २५ च्या जागी १५ ग्रॅमच पडतात आणि ०.५ टक्क्यांऐवजी ०.३ टक्के तयार होते. खरी तीव्रता माहीत असती, तर २५ भागिले ०.०६, म्हणजे सुमारे ४१७ मिलिलिटर घ्यावे लागले असते. आक्षेप घेणारा इथे म्हणेल, की बघा, गणित करूनही चुकलेच. पण इथे चूक बेरीज-भागाकारात झाली नाही, सुरुवातीच्या आकड्यात झाली. आणि ती सुरुवातीच्या आकड्यात आहे हे आपल्याला सांगता येते, ते गणितामुळेच. मगांची कृती पाळणाऱ्याला असा प्रश्नच पडत नाही, कारण त्याच्या कृतीत सुरुवातीच्या आकड्याला जागाच नाही. जो ग्रॅममध्ये विचार करतो त्याला कॅन हातात घेताच विचारावे लागते, की याच्यात आज किती आहे. तेव्हा या आक्षेपाला उत्तर म्हणून गणित सोडायचे नाही. कॅन तपासायचा.

तपासण्याची शाळा-महाविद्यालयातली रीत आयोडीनची आहे आणि ती आपल्या हिशेबाचाच नमुना आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. कॅनमधले १० मिलिलिटर घेऊन शुद्ध पाण्याने १ लिटर करायचे. द्रावण शंभरपट पातळ झाले. त्यातले ५० मिलिलिटर काचेच्या फ्लास्कमध्ये घेऊन त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि थोडे ॲसेटिक ॲसिड घालायचे. जितका क्लोरीन असेल तितका आयोडीन मोकळा होतो आणि द्रावण तपकिरी दिसू लागते. मग ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचे. रंग फिका पिवळा झाला, की स्टार्च घालायचा, द्रावण गर्द निळे होते, आणि ज्या थेंबाला निळा रंग नाहीसा होतो तिथे थांबायचे. या थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलिटर ३.५४६ मिलिग्रॅम क्लोरीन दाखवतो. समजा ८.५ मिलिलिटर लागले. म्हणजे ५० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० मिलिग्रॅम, लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम. शंभरपट पातळ केले होते म्हणून कॅनमध्ये लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे ६ टक्के. ताजा १० टक्क्यांचा माल असता, तर १४ मिलिलिटरच्या थोडे वर लागले असते.

घरात ब्युरेट नसते हे उघड आहे. पण पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन पाहण्याचा डीपीडीच्या गोळ्यांचा लहानसा संच फार महाग नसतो, आणि पातळ करण्याचे गणित येत असेल तर त्यानेही कॅन तपासता येतो. हा संच लिटरला साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास मोजतो, आणि आपल्या कॅनमध्ये त्याच्या एक लाख पटीपर्यंत आहे. तो सरळ कॅनमध्ये बुडवला, तर एक विचित्र गोष्ट होते: क्लोरीन इतका जास्त असतो, की येणारा गुलाबी रंगच तो उडवून टाकतो आणि पाणी रंगहीन दिसते. न जाणणारा म्हणेल, की कॅनमध्ये काहीच नाही. म्हणून दोन टप्प्यांत पातळ करायचे. औषधाच्या सिरिंजने १ मिलिलिटर हायपो १० लिटर पाण्यात घालून नीट ढवळायचे. त्यातले १०० मिलिलिटर घेऊन १ लिटर करायचे. १० टक्क्यांच्या कॅनच्या १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम क्लोरीन असतो. पहिल्या बादलीत लिटरला १० मिलिग्रॅम येतो, दुसऱ्या भांड्यात १ मिलिग्रॅम. आता डीपीडीची गोळी टाकून रंग पट्टीशी जुळवायचा. १ दिसले तर कॅन १० टक्क्यांचा, ०.६ दिसले तर ६ टक्क्यांचा. एक काळजी घ्यावी लागते: दोन्ही टप्प्यांना नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यात महापालिकेने घातलेला क्लोरीन आधीच असतो आणि तो आपल्या आकड्यात मिसळतो. बाटलीबंद पाणी किंवा घरच्या आरओचे पाणी घ्यावे, आणि ते पाणी एकट्याने तपासून रंग येत नाही हे आधी पाहावे. प्रयोगशाळेइतकी अचूकता यात नाही. पण १० आणि ६ यांच्यातला फरक ही रीत नक्की दाखवते, आणि बादलीसाठी तेवढे पुरते.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: एवढी मोजमापे कशाला, जरा जास्तच ओता, म्हणजे काळजी मिटली. त्याचे उत्तर द्यायचे, तर ‘जास्त’ कशाच्या तुलनेत, हे आधी पाहावे लागते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभाग पुसण्यासाठी ०.१ टक्का आणि रक्त सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्का सांगितला. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये १ टक्का होता. जमिनीखालची टाकी पुरानंतर घासून धुतल्यावर निर्जंतुक करायची तर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.००५ टक्का पुरतो. आणि नळातून घरात येणाऱ्या पाण्यात भारतीय मानकानुसार किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो, जो टक्क्यांत लिहायचा तर दशांश चिन्हानंतर चार शून्ये द्यावी लागतात. एकाच कॅनमधून निघणाऱ्या या कामांमध्ये हजारो पटींचा फरक आहे. १,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे १० टक्क्यांच्या कॅनचे ५०० मिलिलिटर, आणि कॅन ६ टक्क्यांवर आला असेल तर सुमारे ८३३. हे पाणी रात्रभर टाकीत ठेवून सोडून द्यायचे आणि मग टाकी स्वच्छ पाण्याने भरायची. ‘जरा जास्त’ म्हणून पूर्ण कॅन ओतला, तर दहापट होते: टाकीतल्या लोखंडी नळ्या आणि झडपा गंजतात, टाकी धुऊन काढायला पाणी वाया जाते आणि टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना व छातीला त्रास होतो. फरशीच्या बादलीतही तेच. तीव्र हायपो स्टीलला डाग पाडतो, लायक्रा पिवळे आणि ठिसूळ करतो, रेशीम आणि लोकर खातो, जरीवर काळपट छटा आणतो, आणि ज्या शहराचे पोटच कापडावर चालते तिथे हे नुकसान घराघरांत पोचते. जास्त ओतणे म्हणजे अज्ञानाची भरपाई मालाने करणे, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ओतणाऱ्या माणसाची कातडी मोजते.

‘एकास दहा’ या शब्दांची आणखी एक अडचण आहे, ती छोटी असली तरी सरबताच्या बाटलीपाशी मोठी होते. एक भाग आणि त्यात दहा भाग पाणी, म्हणजे एकूण अकरा. की एकूण दहा, त्यातला एक भाग द्रावणाचा? १० टक्क्यांच्या हायपोसाठी पहिल्या अर्थाने ०.९१ टक्का येतो, दुसऱ्याने १ टक्का. फरशीला हा फरक सोसतो. पण प्रमाण जसजसे लहान होते तसतसा गोंधळ वाढतो. ‘एकास तीन’ म्हणून घेतलेले फळांचे स्क्वॉश एका अर्थाने चौपट आणि दुसऱ्या अर्थाने तिप्पट पातळ होते. भारतीय मानकांप्रमाणे स्क्वॉशमध्ये किमान २५ टक्के फळाचा रस आणि किमान ४० टक्के विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, असावे लागतात. हे टक्के वजनाचे आहेत. आपण मात्र पेल्याने मोजतो, आणि स्क्वॉश पाण्यापेक्षा जड असते: ४० टक्के साखरेचे एक लिटर द्रावण सुमारे १.१८ किलो भरते. तेव्हा १ लिटर स्क्वॉशमध्ये सुमारे ४७० ग्रॅम साखर आणि सुमारे २९५ ग्रॅम रस असतो. त्यात ३ लिटर पाणी घातले, की सगळे मिळून ४.१८ किलो होते. साखर सुमारे ११ टक्के, रस सुमारे ७ टक्के. नुसते चाराने भागले असते, तर १० आणि ६.२५ आले असते. आता पाहा, तयार पेय म्हणून विकल्या जाणाऱ्या फळांच्या पेयांसाठी बहुतेक फळांना किमान १० टक्के रसाची अट आहे. म्हणजे जिभेला गोडीने बरोबर वाटणारे सरबत रसाच्या बाबतीत त्या मर्यादेच्या खाली असते. गोडी आणि रस ही एकाच बाटलीतली दोन वेगळी परिमाणे आहेत आणि दोन्ही सारख्याच पटीने पातळ होतात. दोन्हींपैकी कशाला ‘लक्ष्य’ म्हणायचे हे ठरवल्याशिवाय ‘योग्य पातळ’ असे काही नसते. हायपोच्या कॅनवरही वजनाचा टक्का आहे की दर १०० मिलिलिटरचा, हे पाहावे. १.१८ घनतेच्या द्रावणात दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम असतील, तर वजनाने तो माल १० टक्क्यांच्या थोडाच वर असतो. दोन व्यापाऱ्यांचे दोन आकडे कधी कधी एकाच मालाचे असतात.

जुना कॅन संपत आला, की उरलेला माल नव्यात ओतण्याची सवय सगळीकडे आहे. तिथे सरासरी काढून चालत नाही. जुन्यात ५ टक्क्यांचे २ लिटर उरले असतील आणि नवे १० टक्क्यांचे ३ लिटर असतील, तर जुन्यात १०० ग्रॅम, नव्यात ३०० ग्रॅम, एकूण ४०० ग्रॅम ५ लिटरमध्ये, म्हणजे ८ टक्के. पाच आणि दहा यांची साधी सरासरी साडेसात येते आणि ती चुकीची आहे, कारण दोन्हींचे आकारमान सारखे नाही. शाळेच्या पुस्तकांत मिश्रणाची जी उदाहरणे येतात ती सगळी ग्रॅमची बेरीज केली, की सुटतात. त्यासाठी वेगळे सूत्र पाठ करावे लागत नाही. खरे तर जुना माल नव्यात ओतूच नये, आधी जुना संपवावा, कारण जुन्यातले धातूचे कण आणि कचरा नव्या मालालाही मोडायला लावतात.

या सगळ्या हिशेबाची एक हद्द आहे, आणि ती न सांगता पुढे जाणे बरोबर होणार नाही. बादलीतला ०.५ टक्का हा स्वच्छ पाण्यातला आकडा आहे. पुरानंतरच्या फरशीवर गाळ असतो, शेवाळ असते, गटाराचे पाणी मुरलेले असते, आणि क्लोरीन सर्वांत आधी त्यांच्यावरच खर्च होतो. गाळ खराट्याने काढून, साबणाने धुऊन, साधे पाणी मारून मगच हायपो लावला, तर आकडा टिकतो. गाळावर कितीही तीव्र द्रावण ओतले तरी जंतूंपर्यंत त्यातले फार थोडे पोचते. त्यातही काही मिनिटे ते फरशीवर ओले राहिले पाहिजे, लगेच पुसून घेतले तर तीव्रता असून उपयोग होत नाही. दुसरी हद्द मालाची आहे. काळ्या फिनाइलचा दर्जा टक्क्यांवरून ठरत नाही. तो रिडील-वॉकर गुणांकाने सांगितला जातो, म्हणजे ते ठरावीक जंतूंना कार्बोलिक ॲसिडच्या तुलनेत किती पट मारते यावरून. तिथे ग्रॅमचा हिशेब लागू पडत नाही, बाटलीवर दिलेले पातळ करण्याचे प्रमाणच पाळावे. आणि एक बाब हिशेबाची नसून जिवाची आहे: संडास धुण्याचे ॲसिड आणि हायपो एका बादलीत, एका फरशीवर, एकामागोमाग एक कधीही घेऊ नयेत, दोघे मिळाले, की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो फुफ्फुसांना भाजतो. पातळ करताना आधी पाणी घ्यावे आणि मग त्यात हायपो ओतावा, पाणी थंड असावे, हातमोजे असावेत, खिडकी उघडी असावी.

पुढील प्रकरणांत प्रत्येक उदाहरण एकाच क्रमाने सोडवले आहे: हवे असलेले आकारमान, हवी असलेली तीव्रता, त्यातून निघणारे ग्रॅम, हातातल्या मालाची आजची तीव्रता, आणि शेवटी मिलिलिटर. वाचकाने उदाहरणे सोडवण्याआधी आपल्या घरातला किंवा सोसायटीचा कॅन बाहेर काढून त्यावर कागदाची पट्टी चिकटवावी. तिच्यावर तो आणल्याची तारीख, वेष्टनावरची तीव्रता, वजनाची की दर १०० मिलिलिटरची, शेवटची तपासणी कधी केली आणि तेव्हा किती आली, एवढे लिहावे. बादलीत तयार केलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ते त्या दिवशीच संपवावे आणि सकाळी पट्टीवरच्या आकड्यावरून नवे करावे.